अर्धवट गेमचे पूर्ण पैसे द्यावेत का?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. आजोबांनी दिवाळीला दिलेल्या पैशांतून त्याला संगणकावरचा एक गेम घ्यायचाय. जंगलात तग धरायचा, लाकडं तोडून घर बांधायचं, असा काहीसा तो गेम आहे आणि चौघे मित्र मिळून खेळणार आहेत. किंमत १,३०० रुपये. पण स्टीमच्या पानावर निळ्या चौकटीत ‘Early Access Game’ असं लिहिलंय आणि गेम पूर्ण झालेला नाही हे ते स्वतःच सांगतात. मुलाने मला पानावरची माहिती उतरवून दिली: विक्री सुरू होऊन अडीच वर्षं झाली, पूर्ण व्हायला ‘साधारण एक ते दीड वर्ष’ लागेल असं लिहिलंय, शेवटचा अपडेट आठ महिन्यांपूर्वीचा. एकूण अभिप्राय ‘Very Positive’, अलीकडचे ‘Mixed’. त्याचा एक मित्र म्हणतो, दुसरीकडून कोड घेतला तर ८०० रुपयांत मिळेल. अपूर्ण वस्तू अशी विकता येते का? पैसे बुडाले तर कुणाकडे जायचं? घेऊ द्यावा की नाही?
– एक आई, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : ताई, आज घेऊ देऊ नका. ‘कधीच नको’ असं मात्र मी म्हणत नाही. हा निर्णय कोणत्या माहितीवर फिरू शकतो तेही सांगतो, म्हणजे मुलालाही तो पटेल आणि पुढच्या वेळी त्याचं त्यालाच ठरवता येईल.

अर्ली ॲक्सेस ही फसवणूक नाही. स्टीम हे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने मार्च २०१३ मध्ये ही सोय सुरू केली. गेम खेळण्याजोगा झाला आहे पण पूर्ण झालेला नाही, अशा अवस्थेत तो विकायला ठेवता येतो. घेणारे खेळतात, चुका कळवतात, आणि बनवणारे त्याच पैशांवर काही प्रमाणात पुढचं काम करतात. गेम पुढे पूर्ण झाला तर तीच प्रत आपोआप पूर्ण होते, वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. गॉग आणि एपिक या दुकानांतही असे गेम असतात.

तुम्ही पाहिलेली निळी चौकट मुलाला शेवटपर्यंत वाचायला सांगा. तिचा आशय असा, की हा गेम अपुरा आहे, पुढे त्यात बदल होतील किंवा होणारही नाहीत, आणि आज जसा आहे तसा खेळायची ओढ वाटत नसेल तर थांबा. ‘होणारही नाहीत’ हे शब्द नीट लक्षात घ्या. गेम पूर्ण करून देण्याचं बंधन दुकानाने घेतलेलं नाही. बिल्डरने फ्लॅटचा ताबा लांबवला तर आपण रेराकडे तक्रार करतो, इथे तसं दार नाही. काम बंद पडलं म्हणून दोन वर्षांनी पैसे परत मागाल तर बहुतेक वेळा नकारच येईल. स्वतः व्हॉल्व्हचंही गेम बनवणाऱ्यांना सांगणं असतं की पुढच्या गोष्टींची ठरावीक वचनं देऊ नका, आणि विक्री फारच कमी झाली तरी काम पुरं करता येणार नसेल तर या वाटेला येऊ नका. पण हे सांगणं बनवणाऱ्यांना आहे, आपल्याला दिलेली ती हमी नव्हे.

म्हणून पैसे देताना विचारायचा प्रश्न एकच: यापुढे यात एकही गोष्ट वाढली नाही, तरी आज जे आहे ते १,३०० रुपयांचं आहे का? अर्ली ॲक्सेसमधले दोन नावाजलेले गेम शेजारी ठेवले की हा प्रश्न का विचारायचा ते कळतं.

पहिला कर्बल स्पेस प्रोग्रॅम २. रॉकेट बांधून अंतराळात पाठवायचा गेम. याचा पहिला भाग मार्च २०१३ मध्येच स्टीमच्या अर्ली ॲक्सेसमध्ये आला, एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण झाला आणि अतिशय गाजला. दुसऱ्या भागाची घोषणा २०१९ मध्ये झाली आणि तो २०२० मध्ये येईल असं सांगितलं गेलं. तारीख पुढे ढकलत ढकलत अखेर २४ फेब्रुवारी २०२३ ला तो अर्ली ॲक्सेसमध्ये विक्रीला आला, किंमत जवळजवळ ५० डॉलर. नाव तेच होतं, पण बनवणारा स्टुडिओ वेगळा होता. पहिला भाग स्क्वाड या मेक्सिकोतल्या कंपनीचा, दुसरा इंटरसेप्ट गेम्सचा. पहिल्या भागाच्या पुण्याईवर लोकांनी पैसे दिले आणि हातात आलं ते पहिल्या भागाहून कमी होतं. विज्ञानाचे प्रयोग नव्हते, टप्प्याटप्प्याने पुढे जाण्याचा खेळ नव्हता, आणि गेम चांगल्या संगणकांवरही अडखळत होता.

या गेमची पुढची आखणी पानावरच होती: विज्ञान, मग वसाहती, मग दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मग शोधमोहिमा, शेवटी मित्रांसोबत खेळणं. असे पाच टप्पे. त्यातला पहिला, विज्ञानाचा, डिसेंबर २०२३ मध्ये आला, म्हणजे विक्रीनंतर दहा महिन्यांनी. इथे साधा हिशोब मांडता येत होता. एका टप्प्याला दहा महिने, तर पाच टप्प्यांना पन्नास महिने, चार वर्षांहून जास्त. मित्रांसोबत खेळता येईल म्हणून २०२३ मध्ये घेणाऱ्याला, सगळं याच वेगाने चाललं असतं तरी, २०२७ उजाडेपर्यंत थांबावं लागलं असतं. सगळं तसं चाललंच नाही. मे २०२४ मध्ये स्टुडिओतली नोकरकपात जाहीर झाली, जूनमध्ये एक अपडेट आला आणि तिथे काम थांबलं. त्यानंतरही गेम दुकानात विक्रीला होताच. वसाहतींचा दुसरा टप्पा आलाच नाही.

आता दुसरा गेम, वॅलहाइम. तुमच्या मुलाला हवा आहे तसाच: जंगल, लाकडं, घर, मित्र. आयर्न गेट या अगदी छोट्या स्वीडिश चमूने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो २० डॉलरला अर्ली ॲक्सेसमध्ये आणला. त्यांनी त्या एका वर्षात चार मोठे अपडेट देऊ असं आखलं होतं. त्या वर्षात एकच आला, सप्टेंबरमध्ये. पुढचा मोठा भूभाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि त्यानंतरचा मे २०२४ मध्ये. वेळापत्रकाच्या बाबतीत हाही कोलमडलाच. तरीही पहिल्या आठवड्यात घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी पैसे वाया गेले असं म्हटलं, कारण पहिल्याच दिवशी त्यात पाच वेगवेगळे प्रदेश, प्रत्येकाचा मोठा शत्रू, घरबांधणी आणि मित्रांसोबतचा खेळ होता. कित्येकांनी शंभर-शंभर तास खेळून तो बाजूला ठेवला, आणि नवा भाग आला की पुन्हा उघडला.

दोन्ही गेम उशिरा चालले होते. फरक पडला तो पहिल्या दिवशी हातात काय होतं याने. म्हणून मी उशिराला एकट्याला फार मोठा दोष मानत नाही, आणि तुमच्या मुलाच्या गेमने ‘एक ते दीड वर्ष’ म्हणून अडीच लावली, एवढ्यावरून त्याला नाही म्हणणार नाही. अर्ली ॲक्सेसमधले बहुतेक अंदाज चुकतात. मला खटकतं ते दुसरं: अंदाज चुकून वर्ष उलटलं तरी पानावर जुनंच वाक्य आहे. जे लोक रोज त्या गेमवर काम करतात, त्यांना ते वाक्य बदलायला पाच मिनिटं लागतात. ते बदललेलं नसणं हे लक्ष उडाल्याचं चिन्ह असू शकतं.

ती शंका खरी की खोटी हे तपासायची जागा त्याच पानावर आहे. उजव्या बाजूला खाली ‘View update history’ असा दुवा असतो. तो उघडून मुलाला गेल्या दोन वर्षांतल्या नोंदी तारखांसह एका कागदावर लिहायला सांगा. प्रत्येक नोंदीपुढे एकच गोष्ट लिहायची: यात गेममध्ये काही नवं आलं, फक्त चुका दुरुस्त झाल्या, की नुसतीच बातमी आहे? सणाच्या शुभेच्छा, सवलतीची जाहिरात, ‘आम्ही काहीतरी मोठं करतोय’ अशी पोस्ट, हे सगळं बातमीत धरायचं. कागद भरला की चित्र स्पष्ट होतं. आठ महिन्यांपूर्वीच्या अपडेटआधी दर दोन-तीन महिन्यांनी काही नवं येत असेल, आणि आता हे लोक मोठ्या भागावर काम करत असल्याचं दाखवत असतील, म्हणजे अर्धवट झालेल्या जागेची चित्रं, काय अडलंय याची माहिती, तर आठ महिन्यांची शांतता समजण्यासारखी आहे. पण नव्या गोष्टी आधी विरळ झाल्या, मग नुसत्या दुरुस्त्या, मग नुसत्या शुभेच्छा, असा क्रम दिसला तर काम थंडावलंय असंच समजावं. स्टीमनेही फेब्रुवारी २०२५ पासून याची दखल घेतली आहे. अर्ली ॲक्सेसमधल्या गेमला फार काळ अपडेट आला नसेल, तर शेवटचा अपडेट इतक्या महिन्यांपूर्वीचा आहे आणि इथली माहिती जुनी असू शकते, अशी सूचना पानावर आपोआप दिसते. मात्र ती सूचना बराच उशिरा लागते. ती नाही म्हणजे सगळं आलबेल, असं धरू नका.

आता ‘Very Positive’ आणि ‘Mixed’. पहिल्याचा अर्थ, आजवरच्या अभिप्रायांत शंभरातल्या निदान ८० जणांनी गेम घ्यावा असं म्हटलं. ‘Mixed’ म्हणजे गेल्या ३० दिवसांत लिहिणाऱ्यांपैकी तसं म्हणणारे ४० ते ६९. अर्ली ॲक्सेसमध्ये मी दुसरा आकडा आधी पाहतो. पहिल्यात दोन वर्षांपूर्वीचा उत्साह साठलेला असतो, ‘आत्ताच इतकं छान आहे, पुढे काय होईल!’ असा. ते पुढे काय झालं, हे अलीकडचे लोक सांगतात. अर्थात ३० दिवसांतले अभिप्राय मोजकेच असतील तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही, तेव्हा वाचूनच पाहावं लागतं.

अलीकडचे नकारार्थी अभिप्राय मुलाने वाचावेत, तेही ज्यांनी ३०-४० तास खेळून लिहिले आहेत तेवढेच. किती तास खेळून लिहिलं ते प्रत्येक अभिप्रायाच्या वर दिसतं. त्यात ‘अपडेट येत नाहीत’ एवढीच तक्रार असेल तर ती भविष्याबद्दल आहे. असा माणूस बहुधा चाळीस तास मजेत खेळलेला असतो. पण ‘घर बांधलं आणि जतन केलेला खेळच उघडेना’, ‘चौघे जमलो की दर अर्ध्या तासाला संपर्क तुटतो’ अशा तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या, तर ते आजचं दुखणं आहे आणि तुमच्या मुलाच्या वाट्याला तेच येणार. जतन केलेल्या खेळाबद्दल त्याला आधीच कल्पना द्या. मोठ्या अपडेटनंतर जुना खेळ पुढे चालेलच असं नाही. बाल्डर्स गेट ३ हा अर्ली ॲक्सेसमधला अतिशय यशस्वी गेम, पण ऑगस्ट २०२३ मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा आधीच्या तीन वर्षांत खेळून जतन केलेलं पुढे नेता आलं नाही. सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

चौघांनी मिळून खेळायचं आहे, तेव्हा आणखी एक गोष्ट विचारलीच पाहिजे: तो खेळ कुणाच्या सर्व्हरवर चालतो? वॅलहाइममध्ये एक मित्र आपल्या संगणकावर जग उघडतो आणि बाकीचे त्यात येतात. कंपनी उद्या काम थांबवून बसली तरी हे बहुधा चालू राहतं. पण सगळ्यांना कंपनीच्याच सर्व्हरवर जावं लागत असेल तर तिथे जोखीम फार वाढते. द डे बिफोर नावाचा गेम ७ डिसेंबर २०२३ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला, चार दिवसांनी बनवणाऱ्या स्टुडिओने बंद होत असल्याचं जाहीर केलं, आणि २२ जानेवारी २०२४ ला सर्व्हर बंद झाले. घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले, कारण सगळंच इतक्या झटपट आणि सर्वांसमक्ष कोसळलं. हळूहळू विझणाऱ्या गेमच्या बाबतीत असं होत नाही. पानावर ‘Online Co-op’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून हे कळत नाही. अभिप्रायांत किंवा बनवणाऱ्यांच्या उत्तरांत शोधावं लागेल. ‘Single-player’ हाही शब्द असेल तर निदान एकट्याला खेळायची वाट आहे, एवढं कळतं.

या कागदावर अपडेट जिवंत दिसले, आजच्या खेळात मोठा दोष नाही असं कळलं आणि मित्राच्या संगणकावर जग उघडता येतं असंही दिसलं, तर माझं मत बदलेल आणि मी घ्या म्हणेन. तीनपैकी पहिली गोष्ट नसेल आणि बाकी दोन असतील, तर निर्णय मुलाच्या हाती द्या: जे आहे ते तेवढंच मिळणार, हे त्याला मान्य आहे का? सर्व्हर कंपनीचा आणि अपडेट थंडावलेले, असं असेल तर मात्र ठाम नाही म्हणा.

घ्यायचं ठरलं तर स्टीमवरूनच घ्या. ८०० रुपयांच्या कोडवर ५०० वाचतील, पण बाहेरून घेतलेल्या कोडचे पैसे स्टीम परत देत नाही, आणि अर्ली ॲक्सेसमध्ये परतीचा हक्क हेच आपलं एकमेव खरं संरक्षण आहे. नियम २०१५ पासूनचा आहे: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर कारण काहीही असो, पैसे परत. अर्ली ॲक्सेसमधले तासही त्या दोन तासांत धरले जातात. गॉगवर मुदत ३० दिवसांची आहे आणि खेळून पाहिलेला गेमही परत करता येतो, त्यामुळे हाच गेम तिथे असेल तर तिथून घेणं मला जास्त पसंत पडेल. फक्त चौघांनी एकाच दुकानातून घ्या. वेगवेगळ्या दुकानांतल्या प्रती एकमेकांशी जोडल्या जातीलच असं नाही.

दोन तास पटकन संपतात, म्हणून ते आखून वापरावे लागतात. गेम उतरवून घेण्याचा वेळ त्यात धरत नाहीत, पण गेम उघडल्यानंतरचं सगळं धरतात: सेटिंग बदलणं, पात्राचा चेहरा ठरवणं, जेवायला जाताना गेम तसाच उघडा ठेवणं. चौघांपैकी आधी दोघांनीच घ्यावा. शनिवारी दुपारी, दोघेही मोकळे असताना, गेम आधीच पूर्ण उतरवून ठेवून सुरू करावं. पहिली वीस मिनिटं फक्त आपल्या संगणकावर तो नीट चालतो का ते पाहावं, कारण अर्धवट गेम यंत्रावर जास्त भार टाकतात. मग लगेच एकाने जग उघडावं, दुसऱ्याने त्यात यावं, थोडं घर बांधावं, जतन करून बाहेर पडावं आणि पुन्हा उघडून घर जागेवर आहे का ते पाहावं. हे सगळं दीड तासात उरकायचं आणि तिथे थांबून ठरवायचं. ‘अजून थोडं खेळून बघू’ म्हणत दोन तास ओलांडले की हक्क गेला.

परत करायचा असेल तर help.steampowered.com इथे ‘Purchases’ मध्ये तो गेम निवडून ‘I would like a refund’ हा पर्याय घ्यायचा. पैसे ज्या मार्गाने दिले त्या मार्गाने किंवा स्टीमच्या वॉलेटमध्ये येतात. काही मार्गांनी दिलेले पैसे वॉलेटमध्येच परत येतात, तेव्हा आजोबांचे पैसे रोखीत परत मिळतीलच असं धरून चालू नका. त्या वॉलेटमधून मग दुसरा गेम घेता येतो.

एक गल्लत टाळा. काही मोठे गेम महागडी आवृत्ती आधी घेणाऱ्याला प्रकाशनाच्या दोन-तीन दिवस अगोदर खेळू देतात. त्याला स्टीमवर ‘Advanced Access’ म्हणतात. तो गेम जवळजवळ पूर्ण असतो, फक्त लवकर मिळतो. तिथले तासही एप्रिल २०२४ पासून परतीच्या दोन तासांत धरले जातात.

आता ‘आज नको’ म्हटल्यावर मुलगा म्हणेल की पूर्ण झाल्यावर किंमत वाढेल. हे खरं आहे, कित्येक गेमची वाढते. फॅक्टोरिओची अर्ली ॲक्सेसमध्ये असतानाच २०१८ मध्ये २० डॉलरवरून ३० झाली. गेमच्या पानावर, निळ्या चौकटीखालच्या प्रश्नोत्तरांत किंमत बदलणार का याचं उत्तर बनवणारे स्वतः देतात, ते वाचा. पण अपडेट थांबलेल्या गेमची किंमत सहसा चढत नाही, सवलतीच मोठ्या होत जातात. त्याला गेम विशलिस्टमध्ये टाकायला सांगा. मोठी सवलत लागली किंवा गेम अर्ली ॲक्सेसमधून बाहेर पडला की स्टीमकडून ई-मेल येतो, आणि तोवर १,३०० रुपये त्याच्याकडेच राहतील.